रंग लावला, आता पहिला शाम्पू कधी?

केस रंगवून झाले की सल्ले सुरू होतात. पार्लरमधली मुलगी बजावते, "तीन दिवस शाम्पू लावायचा नाही." मेंदी लावणारी मावशी म्हणते, "आज नुसत्या पाण्याने धू, रात्री तेल लाव, उद्या शाम्पू." आणि दहा-वीस रुपयांच्या काळ्या पुडीवर छापलेलं असतं की अर्ध्या तासाने शाम्पूने केस धुवून टाकावेत. माहीममध्ये (हे मुंबईचं माहीम नव्हे, पालघरजवळचं, केळव्याच्या शेजारचं) हे तिन्ही सल्ले एकाच घरात ऐकू येऊ शकतात, कारण आजी मेंदी लावते, आई पुडी आणि मुलगी बोईसरच्या पार्लरमध्ये जाते. गंमत म्हणजे तिन्ही सल्ल्यांत थोडं थोडं तथ्य आहे, पण ते एकमेकांना लावता येत नाहीत. घोटाळा होतो तो "कोणता रंग?" हे न विचारता "किती दिवस?" असं विचारल्यामुळे.

आधी पार्लरचा रंग घेऊ, कारण तीन दिवसांचा नियम सगळ्यात ठामपणे तिथेच सांगितला जातो. दोन ट्यूब किंवा एक ट्यूब आणि एक बाटली एकत्र कालवून लावतात, तो हा पर्मनंट रंग. ट्यूबमध्ये तयार रंग नसतो. त्यात पॅराफेनिलिनडायअमिनसारखी लहान, जवळजवळ रंगहीन संयुगं असतात, त्यांच्याशी जोडली जाणारी रिसॉर्सिनॉलसारखी दुसरी संयुगं असतात, आणि अमोनिया किंवा त्याच्या जागी वापरलेला दुसरा अल्कली असतो. बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड. पार्लरवाले ज्याला "ट्वेंटी व्हॉल्यूम" म्हणतात ते सहा टक्के पेरॉक्साइड. ट्यूबशी समप्रमाणात मिसळलं की डोक्यावर पडतं ते तीन टक्के. अल्कलीमुळे केस फुगतो, लहान रेणू आत शिरतात, पेरॉक्साइड त्यांचं ऑक्सिडीकरण करतं, ते एकमेकांना जोडले जातात आणि आतल्या आत मोठे, रंगीत रेणू तयार होतात. हे मोठे रेणू केसाच्या प्रथिनाला पक्के चिकटलेले नसतात. आकाराने वाढल्यामुळे ते आले त्या वाटेने सहज बाहेर पडू शकत नाहीत, एवढंच.

ही सगळी घडामोड तीस ते पंचेचाळीस मिनिटांची असते. म्हणून तर पार्लरमध्ये घड्याळ लावतात. वेळ झाली की बेसिनवर डोकं नेऊन पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतात, आणि बहुतेक चांगल्या पार्लरमध्ये त्याच वेळी एक शाम्पू लावला जातो, किंचित आम्लधर्मी, मागे राहिलेला अल्कली काढण्यासाठी. तीन दिवस शाम्पू नको असं सांगणाऱ्या हातांनीच पहिला शाम्पू पंधरा मिनिटांपूर्वी लावलेला असतो. धुतल्यावर पेरॉक्साइड निघून गेलेलं असतं आणि न जोडली गेलेली संयुगंही बरीचशी निघून गेलेली असतात. मागे राहिलेल्या थोड्या संयुगांचं हवेने काही तासांत ऑक्सिडीकरण होईल, पण त्याने डोळ्यांना जाणवेल एवढा रंग चढत नाही. या रंगाच्या बाबतीत "अजून बसतोय" हे म्हणणं दुसऱ्या दिवशी खरं राहत नाही.

मग तीन दिवसांचा नियम आला कुठून? सांगितलं जाणारं कारण असं, की रंगाच्या वेळी केसावरचे पापुद्रे उघडतात आणि ते बंद व्हायला बहात्तर तास लागतात. यातला पहिला भाग अर्धा खरा आहे. केसावर पारदर्शक पेशींचे सहा ते दहा थर कौलांसारखे एकावर एक रचलेले असतात. पण ते खिडकीसारखे उघडत-मिटत नाहीत. केस पाण्याने फुगतो, साध्या पाण्यातही त्याची जाडी चौदा-सोळा टक्के वाढते, आणि अल्कलीत आणखी वाढते. फुगला की थरांच्या कडा उचलल्या जातात. अल्कली निघून केस वाळला की फुगवटा ओसरतो, आणि त्याला काही तास पुरतात. तीन दिवस कशासाठी?

ज्या गोष्टीची भरपाई खरोखर व्हायला हवी होती, ती तीन दिवसांतही होत नाही. निरोगी केसाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर एका मेदाम्लाचा अगदी पातळ थर असतो. त्यामुळे पाणी केसावरून निथळून जातं. अल्कली आणि पेरॉक्साइड मिळून हा थर उतरवतात. रंगवलेला केस ओला झाला की जास्त पाणी पितो, जास्त फुगतो आणि वाळायला जास्त वेळ घेतो, त्याचं कारण हेच. केस ही मृत वस्तू आहे. तो थर त्यावर पुन्हा उगवणार नाही, तीन दिवसांत नाही आणि तीन महिन्यांतही नाही. कंडिशनर लावायचा तो यासाठी, आणि तो पहिल्याच दिवशी लावायचा.

रंग बसू देण्याचा प्रश्न कापडातही येतो. तारापूर औद्योगिक वसाहतीत रंग आणि रंगांची मध्यवर्ती रसायनं बनवणारे कारखाने आहेत, कापड रंगवणारी प्रोसेस हाउसही आहेत. तिथे सुती कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग चढवतात, तेव्हा सोड्याच्या पाण्यात रंग कापसाशी जोडला गेला की लगेच धुलाई सुरू होते. आधी थंड पाणी, मग जवळजवळ उकळत्या पाण्यात साबण. कापसाशी जोडला न गेलेला रंग शक्य तेवढा त्याच दिवशी काढून टाकायचा, नाहीतर तो गिऱ्हाइकाच्या बादलीत निघणार आणि तक्रार येणार. "कापड तीन दिवस ठेवा, रंग बसू द्या," असं तिथे कोणी म्हणत नाही. अर्थात सुताला रंग रासायनिक बंधाने जोडला जातो, केसात तो नुसता अडकून राहतो, आणि डोकं काही उकळता येत नाही. पण सैल रंगाचा हिशेब दोन्हीकडे तोच आहे. केसाच्या बाहेरच्या थरांत आणि पृष्ठभागावर बसलेला रंग पहिल्या एक-दोन धुलाईत जाणारच. ती धुलाई आज केली तर आज जाईल, रविवारी केली तर रविवारी. नियम पाळणाऱ्यांना रंग जास्त टिकल्यासारखा वाटतो, कारण त्या आठवड्यात त्यांनी एक-दोनदा कमी धुतलेलं असतं. तो फायदा खरा आहे, पण कमी धुण्याचा आहे, थांबण्याचा नाही.

आणि इथे शाम्पूला उगाच बदनाम केलं जातं. रंगवलेल्या केसांच्या जुड्या नुसत्या पाण्यात पुन्हा पुन्हा भिजवल्या तरी रंगाचा मोठा भाग जातो, कारण केस फुगवण्याचं मुख्य काम पाणीच करतं. म्हणजे "शाम्पू नको म्हणून रोज नुसतं पाणी घेतलं" हा तह रंगाच्या फायद्याचा नाही. मे महिन्यात माहीमच्या दमट हवेत घामाने डोकं चिकट झालं असेल तर दोन दिवस रोज पाणी ओतण्यापेक्षा एकदा सौम्य शाम्पूने कोमट पाण्यात धुवून मोकळं व्हावं.

तेव्हा पर्मनंट क्रीमच्या रंगाबाबत माझं मत असं: दुसऱ्या दिवशी धुतलं तरी काही बिघडत नाही, दोन दिवस थांबलात तर बरं, आणि तिसऱ्या दिवसाला काही खास अर्थ नाही. पहिल्या आठवड्यात रंग बदलल्यासारखा दिसतो त्याची कारणं वेगळी आहेत. एक म्हणजे पृष्ठभागावरचा सैल रंग गेल्यावर छटा किंचित हलकी होते. दुसरं, पेरॉक्साइडने केसाचा मूळ काळा रंगही थोडा उडवलेला असतो, त्यामुळे वरचा रंग उतरू लागला की खालून तांबूस झाक येते. लाल छटा सगळ्यात लवकर उतरतात. यात रंग बसणं कुठेच नाही.

आता मेंदी. इथे मात्र रंग बसत राहतो हे अक्षरशः खरं आहे, आणि थांबण्याला रसायनशास्त्राचा आधार आहे.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं केशरी रंगद्रव्य असतं, पण बरंचसं साखरेशी बांधलेल्या रूपात. पूड कोमट, किंचित आंबट पाण्यात कालवून काही तास ठेवली की ते सुटतं. रात्री भिजवून सकाळी लावायची रीत यासाठीच आहे. सुटलेलं लॉसोन केसातल्या प्रथिनाशी थेट रासायनिक बंध करतं. पार्लरचा रंग आत अडकून राहतो, हा जोडला जातो, म्हणून वर्षानुवर्षं मेंदी लावणाऱ्यांचा जुना रंग सहसा पूर्ण जात नाही. जोडला गेल्यावरही त्याचं हवेत हळूहळू ऑक्सिडीकरण होत राहतं. पांढऱ्या केसावर पहिल्या दिवशी गाजरासारखी भडक छटा दिसते, दोन-तीन दिवसांत ती गडद होत तांबूस तपकिरीकडे जाते. हातावरची मेंदी काढल्यावर फिकट असते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढते, तीच ही क्रिया. पहिल्या दिवशी आरशात पाहून घाबरून ज्या बायका लगेच वरून काळी पुडी लावतात, त्यांनी दोन दिवस कळ काढली असती तर पुडीची गरजच पडली नसती.

मावशीचा तेलाचा सल्ला इथे बसतो. पहिल्या दिवशी नुसत्या पाण्याने लगदा काढायचा, तेल लावलं तरी चालतं, शाम्पू नंतर. फक्त "उद्या"ऐवजी "परवा" म्हटलं तर अधिक बरं. दुसऱ्या दिवशी धुतलं म्हणून जोडला गेलेला रंग निघून जात नाही, पण न जोडला गेलेला थोडा रंग आणि चालू असलेलं गडद होणं यांना दोन दिवस दिले तर छटा अधिक समान येते. लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात मेंदी भिजवली की ती काळपट येते हेही खरं आहे. चहातली आणि पानातली टॅनिनं लोखंडाशी मिळून काळसर संयुग करतात. पण हा काळसरपणा बराचसा वरवरचा असतो आणि लवकर धुतला जातो. पुढे पार्लरचा रंग करायचा विचार असेल तर ही कढई टाळलेली बरी. केसावर धातूचे अंश असले की पेरॉक्साइड तिथे भलतंच वागू शकतं.

थांबण्याचं सगळ्यात भक्कम कारण मात्र नीळ देते. मेंदीवर काळा रंग आणण्यासाठी हल्ली निळीच्या पानांची हिरवी पूड सर्रास मिळते. तिच्यात निळा रंग नसतोच. त्यात इंडिकन असतं, पाणी लागल्यावर पानातल्याच विकराने ते फुटून इंडॉक्सिल बनतं. इंडॉक्सिल पाण्यात विरघळतं, म्हणून केसात शिरतं. पुढे हवेतला ऑक्सिजन लागला की त्याचे दोन-दोन रेणू जोडले जाऊन नीळ बनते, आणि ती पाण्यात विरघळत नाही. रंग पक्का होतो तो या क्षणी. डोक्यावरून लगदा काढताना केस हिरवट दिसतात, याचा अर्थ हे काम अर्धवट आहे. त्याच वेळी शाम्पू चोळला तर जे अजून विरघळणारं आहे ते फेसाबरोबर निघून जातं. चोवीस तासांत हिरवट झाक निळसर-काळी होते, अठ्ठेचाळीस तासांत हा बदल बहुधा थांबतो. जीन्सच्या सुताला नीळ चढवताना ते पिंपातून काढून हवेत धरतात, पुन्हा बुडवतात, पुन्हा हवेत धरतात; हवेत धरणं हा तिथे रंगवण्याचाच भाग असतो. नीळ लावलेल्या डोक्यासाठी दोन दिवसांची हवा म्हणजे तेच.

याच कारणाने नीळ भिजवून रात्रभर ठेवायची नसते. लगद्यातच हवा लागून ती निळी झाली की केसात शिरायला विरघळणारं काही उरत नाही. दहा-पंधरा मिनिटं ठेवून लगेच लावायची. मेंदीचा नियम निळीला लावल्यामुळे फसलेले प्रयोग कमी नाहीत. केस हिरवट राहिले, चार दिवसांत सगळं उतरलं, अशी तक्रार असेल तर आधी पूड किती वेळ भिजवली होती ते विचारावं, आणि मग पहिला शाम्पू कधी झाला ते.

राहिली काळी पुडी. तिच्यावर "काळी मेंदी" लिहिलेलं असतं, म्हणून तिला मेंदीचे नियम लावले जातात. वास्तविक अशा बहुतेक पुड्यांत काळा रंग देतं ते पॅराफेनिलिनडायअमिन, म्हणजे पार्लरच्या ट्यूबमधलंच रसायन, आणि पाण्यात कालवल्यावर ऑक्सिजन सोडणारी एखादी पूड. मेंदी असली तर जोडीला. निसर्गात पान वाटून वीस मिनिटांत कुळकुळीत काळा रंग देणारी मेंदी नाही. पुडीचा रंग अर्ध्या तासात तयार होतो, म्हणून तिच्यावर छापलेला सल्ला बरोबर आहे: त्याच दिवशी शाम्पूने धुवावं. इथे थांबण्यात फायदा तर नाहीच, धोका आहे. न जोडलं गेलेलं रसायन टाळूवर जितका वेळ राहील तितकं वाईट.

थांबण्याच्या नियमाबद्दल माझी खरी तक्रार हीच आहे. या रसायनाची अ‍ॅलर्जी लगेच दिसत नाही. खाज, कानामागे लाली, पापण्यांना सूज ही लक्षणं साधारण एक ते तीन दिवसांत येतात, म्हणजे नेमकी त्या बहात्तर तासांच्या आत. "तीन दिवस पाणी लावायचं नाही" म्हणून खाजणारं डोकं तसंच ठेवणाऱ्या बायका आहेत. खाज आली की नियम संपला. भरपूर पाण्याने आणि सौम्य शाम्पूने ताबडतोब धुवायचं, सूज असेल तर डॉक्टर गाठायचा, आणि तो रंग पुन्हा कधीही लावायचा नाही. दुसऱ्या खेपेला त्रास सहसा अधिक होतो. आपल्याकडे अशा रंगांच्या पाकिटात आधी चाचणी करण्याची सूचना देणं कायद्याने बंधनकारक आहे: कानामागे किंवा कोपर आणि मनगट यांच्यामधल्या हाताच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून चोवीस तास पाहायचं, आणि तेही प्रत्येक वेळी. उशिरा येणारी अ‍ॅलर्जी लक्षात घेता मी चोवीसऐवजी अठ्ठेचाळीस तास पाहीन.

हे सगळं एका लग्नाच्या तारखेला लावून पाहू. समजा माहीममध्ये रविवारी सकाळी लग्न आहे, शनिवारी हळद. मुलाच्या आईचे खांद्यापर्यंतचे केस अर्धे पांढरे, तिला मेंदी आणि वरून नीळ लावायची आहे. शनिवारी हळद आणि तेल डोक्यापर्यंत जाणार, म्हणजे शनिवारी रात्री किंवा रविवारी पहाटे शाम्पू अटळ. तिथून मागे मोजायचं. निळीला अठ्ठेचाळीस तास हवेत, तर ती गुरुवारी दुपारपर्यंत निघालेली बरी. म्हणून बुधवारी रात्री साधारण शंभर ग्रॅम मेंदी कोमट पाण्यात थोडं लिंबू पिळून भिजवायची, गुरुवारी सकाळी लावून दोन-तीन तास ठेवायची, नुसत्या पाण्याने काढायची. मग तेवढीच नीळ कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून कालवायची, पंधरा मिनिटांत लावायची, तास-दीड तासाने पुन्हा नुसत्या पाण्याने काढायची. गुरुवारी संध्याकाळी केस हिरवट दिसले तर काही करायचं नाही. शुक्रवारी ते काळपट होतील, शनिवारी रात्री शाम्पू लावता येईल. हीच नीळ शुक्रवारी रात्री लावली तर शनिवारी धुताना बादलीत निळं-हिरवं पाणी दिसेल, आणि रविवारच्या फोटोत कपाळाजवळची रेघ केशरी.

तिने पार्लरचा रंग निवडला तर शुक्रवारी संध्याकाळीही चालेल. पार्लरमध्ये शाम्पू झालेलाच असेल, रविवारी पहाटे दुसरा. पण रंग पहिल्यांदाच लावत असेल तर चाचणी मंगळवारच्या आत हवी. काहीच ठरत नसेल तर आठवडाभर आधी रंगवावं. तोवर कपाळावरचे डागही जातात आणि सैल रंगही.

सैल रंग अजून आहे की नाही हे ओळखायला घड्याळापेक्षा पांढरा पंचा बरा. केसाची एक बट कोमट पाण्याने ओली करून पंचात दाबायची. पार्लरच्या रंगात पहिल्या धुलाईनंतरही थोडा डाग पडतो, तो दोन-तीन धुलाईत कमी होत जायला हवा. तिसऱ्या आठवड्यातही पंचा रंगत असेल तर केस फार सच्छिद्र झाला आहे, किंवा रंग वेळेआधी धुतला होता. निळीचा डाग दुसऱ्या दिवशी हिरवट आला तर शाम्पू आणखी एक दिवस लांबवावा.

किनारपट्टीच्या पाण्याबद्दल थोडं. उन्हाळ्यात इथल्या काही विहिरी आणि बोअरचं पाणी मचूळ आणि जड होतं. पेरॉक्साइड लागलेला केस जड पाण्यातलं कॅल्शियम अधिक ओढून घेतो, त्याने केस राठ आणि रंग निस्तेज दिसतो. रंग गेला असं वाटतं, प्रत्यक्षात त्यावर पुट चढलेलं असतं. शेवटचा तांब्या शक्य तर टाकीतल्या गोड्या पाण्याचा घ्यावा. अंगाच्या साबणाने डोकं धुण्याची सवय मात्र रंगवलेल्या केसांना खरंच महाग पडते. साबण अल्कलीच असतो, केस पुन्हा फुगवतो आणि जड पाण्यात वर त्याचा चिकट साका बसतो. शिकेकाई किंवा रिठा त्या मानाने सौम्य. त्यांचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं. केळव्याच्या समुद्रात डुंबायचं असेल तर आधी साध्या गोड्या पाण्याने केस भिजवून घ्यावेत. भरलेला केस खारं पाणी कमी पितो. उन्हाला मात्र यातलं काहीच लागू नाही. भर दुपारच्या उन्हात रंग न धुताही उडतो, त्याला ओढणी किंवा टोपीच हवी.